कव्हरचे दोन हुक: एकाला सेव्ह जास्त, दुसऱ्याला शेअर जास्त. मग जिंकलं कोण?

प्रश्न: जमिनीच्या कागदपत्रांवर आमचं मराठी इन्स्टाग्राम पेज आहे. सातबाऱ्यावरचा एकच कॅरोसेल फक्त कव्हर बदलून तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा टाकला. दोन्ही वेळा मंगळवारी रात्री ९ वाजता, कॅप्शन तेच. हुक 'अ': "जमीन घेताय? सातबाऱ्यावर या ५ जागा आधी बघा". हुक 'ब': "सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन त्याचीच, असं नाही". सातव्या दिवशीचे आकडे असे. 'अ': रीच ४,२००, सेव्ह ९६, शेअर २७, शेवटच्या स्लाइडवर सांगितलेला 'यादी' हा शब्द कॉमेंटमध्ये ३१ जणांनी लिहिला. फॉलोअर ७२ टक्के. 'ब': रीच ६,३००, सेव्ह १०२, शेअर ८८, 'यादी' ३४, फॉलोअर ४१ टक्के. सेव्हच्या टक्क्यात 'अ' पुढे, शेअरमध्ये 'ब'. स्वाइप-थ्रू रेट तर कुठे सापडतच नाही. पुढची कॉपी कशावरून ठरवायची?

उत्तर:

'ब' पुढे न्या. 'अ' सेव्हमध्ये पुढे दिसतो, पण ती आघाडी बहुतेक हुकची नाही. ती पोस्ट कोणाला दिसली, त्यातून आलेली आहे. शेअरमधला फरक मात्र खरा आहे. 'ब' आहे तसाही वापरू नका, त्याच्या वाक्यरचनेत एक दोष आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी आकडे एका मापावर आणू. रीच वेगळा असल्यामुळे ९६ आणि १०२ थेट तुलनेला चालत नाहीत. ४,२०० म्हणजे ६,३०० चे दोन तृतीयांश, म्हणून 'ब'चे सगळे आकडे दोन तृतीयांश करून घ्या. सेव्ह ६८, शेअर ५९, 'यादी' २३. आता समोरासमोर ठेवा: सेव्ह ९६ विरुद्ध ६८, शेअर २७ विरुद्ध ५९, 'यादी' ३१ विरुद्ध २३.

यातला कोणता फरक दखल घेण्याजोगा आणि कोणता नुसता योगायोग, हे कागदावर एका मिनिटात तपासता येतं. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा. फरक त्याहून मोठा असेल तरच त्यावर बोला. सेव्हची बेरीज १६४, वर्गमूळ साधारण १२.८, दुप्पट २५.६. फरक २८, म्हणजे जेमतेम पलीकडे. शेअरची बेरीज ८६, वर्गमूळ ९.३, दुप्पट १८.५ आणि फरक ३२. हा स्पष्ट आहे. 'यादी'ची बेरीज ५४, वर्गमूळ ७.३, दुप्पट १४.७ आणि फरक फक्त ८. 'यादी'वरून काहीही ठरवू नका. हे माप ढोबळ आहे, पण दहा-वीस सेव्हच्या फरकावर अख्ख्या महिन्याची कॉपी बदलण्यापासून ते वाचवतं.

सेव्हचा फरक गणिताच्या चाळणीतून सुटला, तरी तो हुकचा आहे असं अजून सिद्ध होत नाही. इथे फॉलोअरची टक्केवारी बघा. 'अ' ज्यांना दिसला त्यांत ७२ टक्के तुमचे फॉलोअर, म्हणजे सुमारे ३,०२० फॉलोअर आणि १,१८० बाहेरचे. 'ब'मध्ये सुमारे २,५८० फॉलोअर आणि ३,७२० बाहेरचे. फॉलोअर तुमच्या पेजला ओळखतो, आधीच्या याद्या त्याने ठेवलेल्या असतात, म्हणून तो सहज सेव्ह करतो. बाहेरचा माणूस पहिल्यांदा येतो, वाचतो आणि पुढे जातो.

आता एक हिशोब करून बघा. समजा दोन्ही हुकवर फॉलोअर सारख्याच दराने, ३ टक्के, सेव्ह करतात आणि बाहेरचे ०.६ टक्के. हे दर मी समजायला धरले आहेत, तुमच्या पेजचे मोजलेले नाहीत. 'अ'ला फॉलोअरकडून ९१ आणि बाहेरच्यांकडून ७, एकूण ९८ सेव्ह मिळायला हवेत. 'ब'ला ७७ आणि २२, एकूण ९९. प्रत्यक्षात मिळाले ९६ आणि १०२. म्हणजे हुकमुळे सेव्हमध्ये काडीचाही फरक पडला नाही असं धरलं, तरी तुमचे आकडे जसे आहेत तसेच आले असते. 'अ'चा २.३ टक्के आणि 'ब'चा १.६ टक्के हा फरक हुकवर ढकलायला मग जागाच उरत नाही. इन्साइट्स सेव्हची फॉलोअर आणि बाहेरचे अशी फोड देत नाहीत, त्यामुळे ही शंका ऑरगॅनिक पोस्टवर पूर्ण फिटत नाही. पण ती असताना 'अ'ला विजेता म्हणणं चूक.

त्यात 'ब'वर एक ओझं जास्तीचं होतं. तो दुसऱ्यांदा गेला. 'अ' सेव्ह केलेल्या फॉलोअरला तीन आठवड्यांनी आतल्या त्याच स्लाइड दिसल्या, तर तो पुन्हा कशाला सेव्ह करील? आतला मजकूर तोच ठेवून कव्हर बदललं की दुसऱ्या फेरीला हा फटका बसतोच. म्हणून ऑरगॅनिक चाचणीत एकाच पोस्टच्या दोन आवृत्त्या लढवण्यापेक्षा हुकचे दोन प्रकार लढवावेत. आठ वेगवेगळे विषय घ्या, चारांना 'यादी' प्रकारचं कव्हर, चारांना 'समज खोडणारं' कव्हर, आलटूनपालटून. मग प्रत्येक प्रकारातल्या चार पोस्टचे दर चढत्या क्रमाने लावून मधल्या दोहोंची सरासरी बघा. एखादी पोस्ट अचानक पळाली तरी ती निकाल फिरवत नाही.

शेअरकडे येऊ. बाहेरचा माणूस सेव्ह कमी करतो तसा शेअरही साधारण कमीच करतो. तरीही 'ब'ला, बाहेरचे जास्त असताना, दुपटीहून जास्त दराने शेअर मिळाले. म्हणजे प्रेक्षकांच्या मिश्रणाने हा फरक वाढलेला नाही. उलट तो थोडा दाबला गेला असण्याचीच शक्यता जास्त. कारणही समजण्यासारखं आहे. 'अ' वाचणाऱ्याला एक काम देतो, ते तो स्वतःपुरतं ठेवतो. 'ब' एक समज खोडतो आणि तो समज ज्याच्या डोक्यात आहे असा कोणीतरी वाचणाऱ्याच्या घरातच असतो: गावाकडचा काका, प्लॉट बघत असलेला मेहुणा. ती पोस्ट त्याला पाठवली जाते. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की बाहेरच्या लोकांपर्यंत पोस्ट पोचवताना रीचच्या तुलनेत किती जणांनी ती पाठवली याला मोठं वजन असतं. तुमच्या 'ब'चा रीच आणि त्यातले ५९ टक्के बाहेरचे, दोन्ही त्याच्याशी जुळतात. थोडक्यात, 'ब'चा सेव्ह-दर कमी दिसतो त्याचं एक कारण 'ब'चं यश हेच आहे. शेअरने नवे लोक आणले आणि त्या नव्या लोकांनी भाजक मोठा केला.

आता स्वाइप-थ्रू. साध्या कॅरोसेल पोस्टच्या इन्साइट्समध्ये "इतक्यांनी कव्हर पाहिलं, त्यातले इतके दुसऱ्या स्लाइडवर गेले" असा दर मिळत नाही. काही अकाउंटना लाइक कोणत्या स्लाइडवर पडला ते दिसतं. त्यावरून लोक कुठपर्यंत पोचले याचा अंदाज येतो, पण लाइक न करणारे त्यात नसतात. म्हणून आडून मोजावं लागतं. तुम्ही लावलेला 'यादी' हा शब्द त्यातला चांगला मार्ग आहे, फक्त त्याचा अर्थ नेमका धरा. तो शब्द लिहिणारा शेवटपर्यंत पोचला, त्याला यादी हवी होती आणि चारचौघांत कॉमेंट करायला त्याची हरकत नव्हती, अशा तीन गाळण्यांमधून तो आलेला असतो. ०.७४ टक्के म्हणजे फक्त ०.७४ टक्के लोकांनी स्वाइप केलं असं नव्हे. दोन आवृत्त्यांची आपसात तुलना करायला हा आकडा चालतो, आणि तुमच्या बाबतीत ती तुलना बरोबरीत सुटली आहे. पुढच्या वेळी शब्द कॅप्शनमध्ये लिहू नका आणि कॉमेंटमध्ये पिनही करू नका. तसं केलंत की स्वाइप न करणारेही तो लिहितात आणि आकडा निरुपयोगी होतो. पहिल्या पाच-दहा कॉमेंट दिसायला लागल्या की पुढचे लोक नुसती नक्कल करतात, म्हणून शक्य तर तो शब्द मेसेजमध्ये पाठवायला सांगा आणि तिथले मोजा.

स्टोरीमध्ये प्रत्येक फ्रेमचे प्रेक्षक वेगळे मोजले जातात म्हणून तिथे कव्हरची चाचणी घ्यावी असं बरेच जण सांगतात. स्टोरी आपोआप पुढे सरकते, त्यामुळे तिथलं "पुढे जाणं" म्हणजे स्वाइप नव्हे. आधीच अडखळणारं वाक्य ओळखायला ती ठीक, त्यापुढे नको.

खरी समोरासमोर चाचणी हवी असेल तर थोडा खर्च करून ॲड्स मॅनेजरमधली A/B test लावा. एकाच ॲड सेटमध्ये दोन जाहिराती टाकणं म्हणजे चाचणी नव्हे. तिथे यंत्रणा सुरुवातीच्या थोड्या प्रतिसादावरून एकीकडे पैसा वळवते आणि दुसरीला पुरेशी माणसंच मिळत नाहीत. A/B test मध्ये प्रेक्षकांचे दोन वेगळे गट पडतात. एका माणसाला एकच कव्हर दिसतं, म्हणून फॉलोअर-बाहेरचे हा सगळा घोळ तिथे संपतो. तुमचे सध्याचे फॉलोअर मात्र दोन्ही गटांतून वगळा. त्यांनी हा मजकूर पाहिलेला आहे.

तिथे एका खुणेकडे हमखास दुर्लक्ष होतं. कॅरोसेल जाहिरात बनवताना कार्डांखाली "चांगली चालणारी कार्डं आधी दाखवा" अशा अर्थाचा पर्याय असतो, स्क्रीनवर Automatically show the best performing cards first असा, आणि तो बहुधा आधीच चालू असतो. तो बंद केला नाही, तर तुमचं तिसरं किंवा पाचवं कार्ड काही लोकांना पहिलं दिसेल. मग चाचणी कव्हरची उरतच नाही. मजकूर किंवा चित्र आपोआप 'सुधारणारे' पर्यायही बंद ठेवा, आणि संगीत लावायचं तर दोन्हींना तेच लावा.

जाहिरातीत स्वाइपचा माग घ्यायचा एक बरा मार्ग मिळतो. प्रत्येक कार्डाला लिंक द्यावी लागते, आणि निकालात Breakdown मध्ये Carousel card निवडलं की कोणत्या कार्डावर किती क्लिक आले ते दिसतं. चौथ्या कार्डावरचा क्लिक म्हणजे किमान तीन स्वाइप झालेच. एकूण क्लिकपैकी दुसऱ्या आणि पुढच्या कार्डांवर किती आले, हा भाग दोन्ही आवृत्त्यांसाठी काढा. वेबसाइटच्या बाजूनेही ताळा बसावा म्हणून प्रत्येक कार्डाच्या लिंकला वेगळी खूण लावा:

```
?utm_source=instagram&utm_medium=paid&utm_content=b_card4
```

किती रीच लागेल? सरस आवृत्तीला साधारण १०० सेव्ह मिळेपर्यंत चाचणी चालू ठेवा. १०० विरुद्ध ७० असेल तर वरच्या मापाने गरज २६ ची आणि फरक ३०, म्हणजे निकाल लागतो. ५० विरुद्ध ३५ ला गरज १८ ची आणि फरक १५, म्हणजे प्रमाण तेच असूनही निकाल लागत नाही. सेव्हचा दर २ टक्के धरला तर १०० सेव्हसाठी प्रत्येक बाजूला ५,००० रीच हवा. जाहिरातीत दर ऑरगॅनिकपेक्षा कमी निघाला तर त्याच प्रमाणात जास्त. रविवार आणि कामाचे दिवस दोन्ही यावेत म्हणून पूर्ण सात दिवस चालवा आणि मधेच "हे पुढे आहे" म्हणून बंद करू नका.

आता कॉपी. 'ब'चं वाक्य पुन्हा वाचा: "सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन त्याचीच, असं नाही". मराठीत नकार शेवटी येतो. कव्हरवर ते दोन ओळींत बसलं आणि डोळा दुसऱ्या ओळीच्या मध्यावरून सुटला, तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? "सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन त्याचीच". अगदी उलटा अर्थ, आणि त्यात नवं काहीच नाही. अशा वाक्याने जो थांबला नाही तो कंटाळला म्हणून नव्हे, त्याच्यापर्यंत मुद्दाच पोचला नाही म्हणून. नकाराची चाहूल पहिल्या शब्दात लागली पाहिजे: "नुसत्या सातबाऱ्यावर सौदा करू नका". पाच शब्द आहेत, आणि 'नुसत्या' म्हटल्याबरोबर पुढे काहीतरी कमी आहे हे कळतं. मजकुराच्या दृष्टीनेही हे जास्त काटेकोर आहे. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे. नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण ती मालकीचा अंतिम पुरावा नाही. "जमीन त्याची नाही" असा वास येणारं वाक्य लोकांना घाबरवतं आणि कॉमेंटमध्ये वाद ओढवतं.

ओळ तोडताना "नुसत्या सातबाऱ्यावर" एका ओळीत आणि "सौदा करू नका" दुसऱ्या ओळीत ठेवा. 'सातबाऱ्यावर' मध्ये तुटू देऊ नका. देवनागरीत वर मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर इंग्रजी टेम्प्लेटच्या सवयीपेक्षा जास्त लागतं. चित्र १०८० × १३५० चं असेल तर प्रोफाइलच्या ३:४ ग्रिडमध्ये दोन्ही कडांचा सुमारे ३४ पिक्सेलचा पट्टा कापला जातो. तेवढ्यात शेवटच्या शब्दाचा काना जातो, तेव्हा मजकूर कडेपासून आत घ्या.

दुसरी स्लाइड कव्हरइतकीच महत्त्वाची आहे. जो माणूस कव्हरवरून न थांबता पुढे गेला, त्याला इन्स्टाग्राम तोच कॅरोसेल पुन्हा दाखवतं तेव्हा अनेकदा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. त्याच्यासाठी तेच कव्हर. चाचणीवरही याचा परिणाम होतो: त्या लोकांना 'अ' आणि 'ब'मध्ये काही फरकच दिसत नाही, म्हणून हुकमधला खरा फरक आकड्यात थोडा पातळ होऊन येतो. तुमची दुसरी स्लाइड कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण या विषयावरचे कॅरोसेल बहुधा "सातबारा म्हणजे काय?" ने सुरू होतात: गाव नमुना सात हा अधिकारांचा, बारा हा पिकांचा, वगैरे. तुमचीही तीच असेल तर ती काढा. तिच्या जागी थेट पहिली जागा आणा: "इतर हक्क हा रकाना आधी वाचा. बँकेचा बोजा, कूळ, बहिणींची नावं इथे सापडतात." ही ओळ एकटी दिसली तरी माणूस थांबतो. भोगवटादार वर्ग १ की २, प्रलंबित फेरफार, क्षेत्र आणि पोटखराबा, पीक पाहणी, हे त्यानंतर ओळीने.

सेव्हसाठी कव्हरवर भांडत बसू नका. माणूस सेव्ह करतो ते परत उघडण्यासारखं काही दिसलं की, आणि ते आत असतं. पाचही जागा एका स्लाइडवर एकाखाली एक येऊ द्या, म्हणजे तलाठ्याकडे जाताना फोनवर तेवढी एकच स्लाइड उघडली तरी काम भागेल. मजकूर पाच स्लाइडवर विखुरलेला राहिला, तर वाचून झाल्यावर ठेवून देण्यासारखं हाती काही राहत नाही. अशा वेळी शेवटपर्यंत पोचणारे भरपूर आणि सेव्ह थोडे असं चित्र दिसतं. उलट रीच चांगला, पण सेव्हही नाहीत आणि शेवटच्या शब्दाचे मेसेजही नाहीत, असं असेल तर हुकने थांबवलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडने घालवलं असं समजा आणि कव्हरला हात लावू नका.

म्हणून A/B test मध्ये पुढची जोडी अशी लावा. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत "नुसत्या सातबाऱ्यावर सौदा करू नका". एकावर त्याखाली लहान ओळ, "सही करण्याआधी बघायच्या ५ जागा". दुसऱ्यावर ती ओळ नाही. आतल्या स्लाइड, नवी दुसरी स्लाइड धरून, दोन्हीकडे अगदी सारख्या. लहान ओळीने सेव्ह वाढले आणि शेअर टिकले तर ती कायम ठेवा. सेव्ह तेच राहून शेअर घटले, तर ती ओळ काढा: यादीचं आश्वासन वाचून माणूस पोस्ट दुसऱ्याला पाठवण्याऐवजी स्वतःपुरती ठेवायला लागला. दोन्ही आकडे मापाच्या आत राहिले तर ओळ ठेवली काय, काढली काय, सारखंच आहे. मग चाचणीचा वेळ दुसऱ्या स्लाइडच्या दोन आवृत्त्यांवर घाला.